आधी साहेबांशी बोलायचं की थेट एचआरकडे जायचं?

चाकणच्या पट्ट्यातला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम कारखाना डोळ्यासमोर आणा. सकाळची रिव्ह्यू मीटिंग सुरू आहे. कालचं रिजेक्शन, ग्राहकाची तक्रार, आजचं टार्गेट. दहा-पंधरा माणसं फळ्याभोवती उभी आहेत. क्वालिटी मॅनेजर आपल्या हाताखालच्या तरुण इंजिनिअरकडे वळून म्हणतात, "याला डिग्री दिली कोणी? व्हर्निअर धरायला शिकवा रे याला कुणीतरी." दोघं-तिघं हसतात. हे आठवड्यातून दोनदा तरी होतं आणि तीन महिने चाललं आहे. त्याशिवाय शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टोमणे, रजेचा अर्ज शेवटच्या दिवसापर्यंत अडवून ठेवणं आणि ग्राहकाच्या ऑडिटच्या मेलमधून नाव गाळणं. घरी आल्यावर इंजिनिअर विचार करतो की सरांशी एकदा बोलावं की सरळ एचआरकडे जावं?

या प्रश्नाचं उत्तर लोक स्वभावावर सोडतात. धीट असेल तो बोलेल, नसेल तो तक्रार करेल, असं धरलं जातं. माझ्या मते स्वभावाचा इथे फार थोडा संबंध आहे. वागणूक कोणत्या प्रकारची आहे, समोरच्याला आपण काय करतोय हे कळतंय का, आणि तुमचं काय काय त्याच्या हातात आहे, या तीन गोष्टी तपासल्या की वाट बरीचशी स्पष्ट होते.

त्याआधी एक फरक करून घ्यावा लागतो. चूक दाखवणं हे मॅनेजरचं कामच आहे आणि काही जण ते चढ्या आवाजात करतात. त्या बोलण्यातून कामाचा भाग काढून टाकला तर मागे काय उरतं ते बघा. "रिपोर्टवर बॅच नंबर नाही, ग्राहक माल परत पाठवेल" यातून काम काढलं तर काहीच उरत नाही. "याला डिग्री दिली कोणी" यात मुळात काम नाहीच, नुसता माणूस आहे. दुसरी खूण म्हणजे तीच चूक दुसऱ्याने केल्यावर काय होतं. शेजारच्या लाइनच्या इंजिनिअरला मीटिंगनंतर बाजूला घेऊन सांगितलं जात असेल आणि तुम्हाला मात्र सगळ्यांसमोर, तर हा कडक शिस्तीचा प्रश्न उरत नाही.

आता पहिली तपासणी. वागणुकीला लैंगिक रंग असेल, तर आधी बोलून बघण्याचा विचारच करू नये. स्त्रीसाठी इथे एचआरपेक्षा वेगळं दार आहे. 2013च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते आणि कर्मचारी त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. "जरा समजुतीने घेऊ, बोलून बघू" यात नेमके हेच महिने निघून जातात. समेटाचा मार्ग कायद्यात आहे, पण तो तक्रारदार स्त्रीने स्वतः मागितला तरच. समितीने किंवा मॅनेजरने तो गळ्यात मारायचा नसतो. जातीवरून अपमान, अंगावर धावून जाणं, धमकी यांतही एकट्याने समोर जाऊ नये. ते लेखी आणि वरच्या पातळीवरच न्यावं, आणि गरज पडली तर कंपनीच्या बाहेरही.

आपल्या उदाहरणातला इंजिनिअर या कशातही बसत नाही. नुसता पाणउतारा, नुसता छळ. आणि खाजगी कंपनीतल्या अशा छळासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी लागते आणि कामगारांच्या मागे बहुधा युनियन असते. कायद्याने कामगार कोण हे हुद्द्याच्या नावावर नव्हे, प्रत्यक्ष कामावर ठरतं, पण रोजच्या व्यवहारात इंजिनिअर म्हणजे 'स्टाफ' आणि स्टाफला युनियनमध्ये जागा नसते. म्हणजे त्याच्या हातात उरतं कंपनीचं स्वतःचं धोरण, ज्याला बहुतेक ठिकाणी 'कोड ऑफ कंडक्ट' म्हणतात. ते आधी वाचून काढावं. सन्मानाने वागण्याबद्दलचं, सूड न उगवण्याबद्दलचं कलम कोणत्या शब्दांत आहे ते टिपून ठेवावं, कारण एचआरला कारवाईचा आधार तिथूनच मिळतो.

दुसरी तपासणी, समोरच्याला कळतंय का? याची एक चांगली खूण आहे. प्लँट हेड मीटिंगला असतात तेव्हा हे साहेब कसे वागतात? त्यांच्यासमोरही तसेच टोमणे मारत असतील, आणि सगळ्यांनाच मारत असतील, तर ती त्यांना आपली बोलण्याची शैली वाटत असण्याची शक्यता मोठी. अशा माणसाशी बोलण्यात अर्थ असतो. प्लँट हेड आले की जीभ आवरत असेल, तर त्यांना सीमा कुठे आहे ते नीट माहीत आहे. तिथे बोलण्याचा उपयोग फक्त नोंदीपुरता.

तिसरी तपासणी सत्तेची. छळणारा बरोबरीचा सहकारी असेल तर आधी त्याच्याशीच बोलावं. तो तुमचं फार बिघडवू शकत नाही, आणि तुम्ही न बोलता गेलात तर एचआरचा पहिला प्रश्न "त्याला सांगितलंत का?" हाच असतो. पण अप्रेझलचं रेटिंग, रजा, शिफ्ट आणि ट्रेनीचं कन्फर्मेशन ज्याच्या सहीवर आहे त्याच्याशी बोलताना परिणाम सोसायची तयारी आधी करावी लागते. आधी कुणी बोललं होतं का आणि त्याचं पुढे काय झालं, हे जुन्या माणसांकडून हळूच काढून घ्या. आधीच्या दोघांची बदली झाली असेल तर तिसरा प्रयोग करू नका.

वाट कोणतीही असो, नोंदी आधी सुरू करायच्या. किमान दोन-तीन आठवड्यांच्या. "सर नेहमी अपमान करतात" ही नोंद नव्हे. नोंद अशी: मंगळवार, सकाळची मीटिंग, शब्द जसेच्या तसे, कोण हजर होतं, विषय काय होता आणि त्याचा कामावर काय परिणाम झाला. उदाहरणार्थ, ऑडिटच्या मेलमधून नाव गाळल्यामुळे कागद अर्धवट गेले आणि ग्राहकाने ते परत मागवले. हा शेवटचा रकाना लोक रिकामा ठेवतात आणि तोच सगळ्यात उपयोगी पडतो. नोंदी स्वतःच्या वहीत ठेवाव्यात, कंपनीच्या लॅपटॉपवर नाही. लॅपटॉप काढून घेतला की त्या गेल्या. पण म्हणून कंपनीचे मेल आणि ड्रॉइंग स्वतःच्या खाजगी मेलवर पाठवायला जाऊ नका. ते धोरणाचं उल्लंघन ठरतं आणि तक्रार बाजूला पडून तुमचीच चौकशी सुरू होते.

समजा, आपल्या उदाहरणातले साहेब प्लँट हेडसमोरही असेच बोलतात. म्हणून इंजिनिअर बोलायचं ठरवतो. वेळ मीटिंगनंतर लगेचची नको, तेव्हा दोघंही तापलेले असतात. दुपारी, लाइन सुरळीत असताना, त्यांच्या केबिनमध्ये दहा मिनिटं मागावीत. एकच प्रसंग घ्यावा आणि एकच मागणी करावी. "सर, मंगळवारी मीटिंगमध्ये तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या डिग्रीबद्दल बोललात. रिपोर्टमधली चूक माझी होती, ती मी दुरुस्त केली. पण असं बोलल्यावर लाइनवरचे ऑपरेटर माझं ऐकत नाहीत. चूक झाली तर मला मीटिंगनंतर सांगा, मी लगेच करतो." एवढंच. तीन महिन्यांची यादी बाहेर काढली की साहेब एकेका प्रसंगाचा बचाव करत बसतात आणि मूळ मागणी हवेत विरते. एचआरचं नावही काढू नये, ती धमकी वाटते.

त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल पाठवावा. "सर, आज वेळ दिल्याबद्दल आभार. ठरल्याप्रमाणे माझ्या कामातल्या सुधारणा मीटिंगनंतर मला सांगाव्यात, ही विनंती." साधा, नम्र मेल. पण त्या तारखेनंतर "मला कल्पनाच नव्हती" असं म्हणता येत नाही. साहेब सुधारोत न सुधारोत, बोलण्याचा हा फायदा पदरात पडतोच.

मग दोन-तीन आठवडे बघायचं. वागणं थांबलं तर विषय संपला. "अरे, गंमत होती" म्हणून पुन्हा सुरू झालं, तर निदान चित्र स्पष्ट झालं. ओळखायला अवघड असतो तो तिसरा प्रकार. मीटिंगमध्ये शांतता, पण रजा नामंजूर होऊ लागतात, सलग रात्रपाळ्या लागतात, कामाबद्दल अचानक कडक मेल यायला लागतात. छळाने वाट बदलली आहे आणि आता तो कागदावर तुमच्याविरुद्ध पुरावा जमवतो आहे. इथे एक दिवसही थांबू नये, आणि तक्रारीत बोलण्याची तारीख आणि बदललेल्या वागणुकीची तारीख शेजारी शेजारी लिहावी.

एचआरकडे जाताना एवढं लक्षात असू द्यावं की ते कंपनीचं खातं आहे. तिथली व्यक्ती कितीही भली असली तरी "हे आपल्यातच राहू द्या" म्हणून सांगितलेलं राहीलच, याची खात्री नसते. गंभीर गोष्ट कानावर आली की तिला पुढे न्यावीच लागते. म्हणून मन मोकळं करायला तिथे जाऊ नये, तक्रार द्यायला जावं. तक्रार एका पानाची असावी. सर्वांत ठळक चार-पाच प्रसंग, धोरणातलं कलम, बोलून पाहिल्याची तारीख, कामावरचा परिणाम आणि तुम्हाला काय हवं आहे ते. शेवटचा मुद्दा नेमका हवा. "कारवाई करा" यावर एचआर काहीही करून फाइल बंद करू शकतं. "माझं यंदाचं रेटिंग दुसऱ्या मॅनेजरनेही तपासावं" किंवा "मला रिपोर्टिंग बदलून मिळावं" याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. साक्षीदारांची नावं त्यांना विचारल्याशिवाय घालू नका. त्यांनाही त्याच साहेबांकडून रजा मंजूर करून घ्यायची असते.

पुढे एचआर तुमच्याशी, साहेबांशी आणि एक-दोन हजर माणसांशी बोलेल. साहेबांना काय समज दिली हे तुम्हाला बहुधा सांगितलं जाणार नाही, त्यावरून काहीच झालं नाही असं समजू नका. दोन आठवडे उत्तर नाही आलं तर आधीच्याच मेलखाली विचारणा करावी. "आपापसातला गैरसमज" म्हणून विषय मिटवला गेला, तर तसं लेखी मागावं आणि प्लँट हेडकडे जावं.

वेळेचाही हिशेब धरावा लागतो. बऱ्याच कंपन्यांत वर्ष एप्रिल ते मार्च चालतं. रेटिंग हातात पडल्यावर दिलेली तक्रार कितीही खरी असली तरी रागातून आलेली दिसते, आणि साहेब नेमकं तेच म्हणतात. नोंदी दिवाळीच्या आसपास पुऱ्या झाल्या असतील तर बोलणं नोव्हेंबरात आणि गरज पडल्यास तक्रार डिसेंबरात व्हावी, म्हणजे रेटिंगचे आकडे भरले जातील तेव्हा ती तक्रार एचआरच्या फाइलमध्ये आधीपासून असेल.