एकाच तासाला दोन वर्गांत एकच शिक्षक: वेळापत्रकाची लाल खूण कशी लावायची

परभणी जिल्ह्यात जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि त्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत एक दृश्य हमखास दिसतं. टेबलावर मोठा आखीव कागद, दोन रंगांचे पेन, खोडरबर, आणि त्यावर वाकलेले दोन अनुभवी शिक्षक. सोमवारी सगळं ठीक वाटतं. मंगळवारी चौथ्या तासाला विज्ञानाचे सर आठवी ब मध्येही लिहिलेले असतात आणि दहावी अ मध्येही. हे कागदावर कुणाला दिसत नाही. ते दिसतं तेव्हा चौथा तास सुरू झालेला असतो आणि एका वर्गात पन्नास मुलं शिक्षकाशिवाय बसलेली असतात.

आज आपण तेवढंच बघणार आहोत: असा गोंधळ वर्गात जाण्याआधी तक्त्यातच लाल कसा होईल. वेळापत्रक आपोआप तयार करणं हा वेगळा विषय आहे, आणि तो खरोखर अवघड आहे. ईव्हन, इताई आणि शमीर या तिघांनी १९७६ साली सिद्ध केलं की शिक्षकांच्या सवडी धरून वेळापत्रक बसवण्याचं कोडं गणिताच्या सर्वात चिवट कोड्यांपैकी आहे. पण बसवलेलं वेळापत्रक तपासणं मात्र अगदी सोपं आहे, एका ओळीच्या सूत्राचं काम. मग बसवायचं काम माणसाने करावं आणि तपासायचं काम तक्त्याने, असं आम्हाला वाटतं.

एक नमुन्याची शाळा घेऊ. पाचवी ते दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या, म्हणजे बारा तुकड्या. सोमवार ते शुक्रवार रोज आठ तासिका आणि शनिवारी सकाळच्या पाच, म्हणजे आठवड्याच्या पंचेचाळीस. जिंतूर असो, गंगाखेड असो की पाथरी, आकडे थोडे इकडेतिकडे होतील, रचना हीच राहील.

पहिली गोष्ट रचनेचीच. बहुतेक जण तुकडीनिहाय वेळापत्रक करतात: एका तुकडीला एक चौकोन, त्यात आडवे वार आणि उभे तास. भिंतीवर लावायला ते छान, पण तपासायला निरुपयोगी, कारण मंगळवारचा चौथा तास बारा वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेला असतो. आपण उलटं करू. एक ओळ म्हणजे एक तास. A मध्ये वार, B मध्ये तासिका क्रमांक, आणि C पासून N पर्यंत बारा तुकड्या. तिसऱ्या ओळीपासून सत्तेचाळिसाव्या ओळीपर्यंत पंचेचाळीस तास. आता मंगळवारचा चौथा तास एकाच आडव्या ओळीत आला, आणि प्रश्न एवढाच उरला: या ओळीत एखादं नाव दोनदा आहे का?

घरात शिक्षकाचं नाव लिहू नका, संकेत लिहा. विज्ञानाचे पहिले शिक्षक वि१, हिंदीच्या दुसऱ्या बाई हिं२. बदली झाली, नवीन माणूस आला, तरी तक्ता तसाच राहतो. फक्त यादीत संकेतासमोरचं नाव बदलतं.

आता C3 ते R47 एवढा भाग निवडायचा (R चं काम पुढे सांगतो), कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये जायचं, 'सूत्र' हा पर्याय घ्यायचा आणि हे लिहायचं:

```
=AND(C3<>"",COUNTIF($C3:$R3,C3)>1)
```

याचा अर्थ साधा आहे: घर रिकामं नाही, आणि याच ओळीत हाच संकेत एकापेक्षा जास्त वेळा आहे. तसं असेल तर घर लाल. दोन्ही घरं लाल होतात, आणि तसंच व्हायला हवं. कोणतं हलवायचं ते आपण ठरवायचं.

सूत्रात डॉलरची खूण C आणि R च्या आधी आहे, ३ च्या आधी नाही. तीच सगळ्यात जास्त चुकते. $C$3:$R$3 असं लिहिलं तर सत्तेचाळिसाव्या ओळीतलं घरही सोमवारच्या पहिल्या तासाशीच ताडलं जातं. तक्ता रंगतो, काम करतोय असं वाटतं, पण चुकीची घरं रंगतात. म्हणून नियम लावल्यावर एक परीक्षा करायची. शनिवारच्या शेवटच्या तासाला, म्हणजे अगदी खालच्या ओळीत, मुद्दाम एक संकेत दोनदा लिहायचा. दोन्ही घरं लाल झाली, आणि एक खोडताच दोन्ही पांढरी झाली, तर नियम बरोबर लागला.

आता खरी अडचण. आपल्याकडे आठवीपासून काही मुलं संपूर्ण हिंदी घेतात आणि काही हिंदी-संस्कृत संयुक्त. संस्कृतच्या तासाला नववी अ आणि नववी ब मधली संस्कृतवाली मुलं उठून एका खोलीत येतात, उरलेली आपापल्या वर्गात हिंदी शिकतात. हे कसं लिहिणार? काही जण एकाच घरात 'हिं१/सं१' असं लिहितात. झालं, तक्ता आंधळा झाला! कारण 'हिं१/सं१' हा त्याच्या दृष्टीने तिसराच माणूस आहे. त्याच तासाला हिं१ सातवीत असले तरी लाल होणार नाही. खोट्या लालपेक्षा हे वाईट, कारण खोटा लाल निदान दिसतो तरी.

उपाय असा की स्तंभ म्हणजे तुकडी हा हट्ट सोडायचा. स्तंभ म्हणजे एका वेळी एका ठिकाणी शिकणाऱ्या मुलांचा गट. म्हणून O, P, Q हे तीन जादा स्तंभ: आठवी संस्कृत, नववी संस्कृत, दहावी संस्कृत. सं१ फक्त तिथेच एकदा येतात, त्यामुळे दोन तुकड्या एकत्र असूनही खोटा लाल होत नाही.

पण यातून एक तिसरीच टक्कर उभी राहते. संस्कृतच्या तासाला नववी अ ला चुकून गणित लावलं, तर शिक्षक दोघे वेगळे, खोल्या वेगळ्या, लाल काहीच नाही. आणि मुलांनी मात्र एकाच वेळी दोन ठिकाणी बसायचं. नववीच्या तुकड्या K आणि L मध्ये आहेत, म्हणून P3 ते P47 ला हा वेगळा नियम:

```
=AND(P3<>"",OR(LEFT(K3,3)<>"हिं",LEFT(L3,3)<>"हिं"))
```

संस्कृत असेल तर दोन्ही तुकड्यांत हिंदीच हवी, नाहीतर नारिंगी. इथे ३ का? 'हिं' आपल्याला एक अक्षर दिसतं, पण संगणकासाठी ते ह, वेलांटी आणि अनुस्वार असं तीन खुणांचं आहे. आठवी आणि दहावीला याच धर्तीवर.

खोल्यांचा तक्ता S पासून AG पर्यंत, त्याच पंधरा गटांचा, त्याच क्रमाने. प्रत्येक स्तंभात आधी त्या तुकडीची नेहमीची खोली वरपासून खालपर्यंत भरून टाकायची आणि मग जिथे मुलं बाहेर जातात तिथेच बदल करायचा. संस्कृतचा गट बसतो कुठे? जी तुकडी मैदानावर गेली तिच्या खोलीत. सहावी अ मैदानावर आहे हे तक्त्याला सांगितलंच नाही, तर त्या खोलीवर नाहक लाल येईल. प्रयोगशाळा एका वेळी एकाच गटाची, पण मैदानावर दोन तुकड्या चालतात, म्हणून:

```
=AND(S3<>"",COUNTIF($S3:$AG3,S3)>IF(S3="मैदान",2,1))
```

आता R स्तंभ. त्याला आम्ही 'बाहेर' म्हणतो. समजा चित्रकलेचे शिक्षक, चि१, दोन शाळांत वाटून दिलेले आहेत आणि आपल्याकडे सोमवार ते बुधवारच येतात. मग गुरुवार ते शनिवारच्या सगळ्या ओळींत R मध्ये चि१ लिहून ठेवायचं. गुरुवारी कुणी त्यांना पाचवीत लावलं, की लाल. वेगळं सूत्र लागत नाही. दुसरी शाळा हीसुद्धा जणू आपली एक तुकडीच.

याच चि१ चं उदाहरण पुढे नेऊ, कारण त्यात तक्त्याची मर्यादा दिसते. तीन दिवस, रोज आठ, म्हणजे त्यांच्याकडे चोवीस तास. बारा तुकड्यांना आठवड्याला दोन तास चित्रकला, म्हणजे चोवीस. नेमकं बसतं. मग कुणीतरी म्हणतं, इंटरमिजिएटला बसणाऱ्या दहावीच्या मुलांना एक तास जास्त द्या. पंचवीस झाले. आता काय होतं? मंगळवारी लाल आला, तो सोमवारी हलवला. तिथे दुसरा लाल आला, तो बुधवारी नेला. तिथून पुन्हा मंगळवारी. संध्याकाळ होते. लाल कमी होत नाही, नुसता घरं बदलतो. असं दिसलं की हलवाहलव थांबवायची आणि मोजायचं: मागणी किती, हाती तास किती. चोवीस खणांत पंचवीस वस्तू कुणालाच बसवता येत नाहीत. तिथे चूक मांडणीत नसते, वाटपात असते, आणि तो निर्णय मुख्याध्यापकांचा. एखादं पद रिक्त राहिलं आणि सगळं विज्ञान एकट्या वि१ वर आलं की हेच होतं.

म्हणून AI मध्ये सगळ्या संकेतांची यादी ठेवायची आणि AJ मध्ये शेजारी हे:

```
=COUNTIF($C$3:$Q$47,AI3)
```

यातून प्रत्येकाचे लागलेले तास कळतात. 'बाहेर'चा R इथे धरायचा नाही. इथे मात्र दोन्हीकडे डॉलर हवा, कारण पूर्ण तक्ता मोजायचा आहे.

ही यादी आणखी एका कामाची आहे. कुणी 'हिं१' ऐवजी 'हिंदी१' लिहिलं, किंवा 'वि१' च्या पुढे नकळत एक मोकळी जागा सोडली, तर तो नवा माणूस ठरतो आणि टक्कर लपते. मोकळी जागा तर डोळ्यांना दिसतही नाही. यादीत नसलेला संकेत पिवळा करायचा:

```
=AND(C3<>"",COUNTIF($AI$3:$AI$40,C3)=0)
```

घरात ड्रॉपडाउन लावला तर चुकीचं टाइप होत नाही हे खरं, पण दुसरीकडून कॉपी करून चिकटवलेलं त्याला चकवून आत येतं. चिकटवताना नियमांचे तुकडेही पडतात, म्हणून 'फक्त मजकूर चिकटवा' हाच पर्याय वापरायचा. आणि झेरॉक्सवर लाल करडा दिसतो, तेव्हा रंगासोबत अक्षरही ठळक करून ठेवा.

मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं, "सर रजेवर गेले की हा तक्ता काय कामाचा?" तक्त्याची प्रत काढा आणि त्या दिवसाच्या आठ ओळींत R मध्ये त्यांचा संकेत भरा. त्यांचे सगळे तास लगेच लाल होतात. तीच त्या दिवशीच्या बदली तासांची यादी. मग प्रत्येक लाल घरात ऑफ तास असलेल्या कुणाचा तरी संकेत लिहायचा. त्या तासाला ते आधीच दुसरीकडे असतील तर घर लालच राहील, मोकळे असतील तर पांढरं होईल. दोघे रजेवर असतील तर C आणि R च्या मधे आणखी एक 'बाहेर' स्तंभ घाला. मधे घातला की सूत्रातला पल्ला आपोआप वाढतो, R च्या पलीकडे घातला तर वाढत नाही.