संक्रांतीचं ग्रीटिंग आणि एकोणीस वर्षांचा अबोला

वर्षानुवर्षांच्या अबोल्यानंतर एका विधवेच्या दारात अचानक शुभेच्छापत्र येतं. एवढ्या कल्पनेवर चांगली कथा उभी राहू शकते, पण बहुतेक वेळा ती बिघडते, आणि एकाच जागी बिघडते. शुभेच्छापत्र उघडलं की आत लांबलचक मजकूर निघतो. मी चुकले, तेव्हा असं झालं, तुला कळायला हवं होतं वगैरे. मग कथेला सांगण्यासारखं काही उरत नाही. कथा खरी असते ती अबोल्याची. ग्रीटिंगने तो फक्त दाखवायचा असतो. हे कसं साधतं ते पाहायला आपण अशी एक कथा बांधून बघू.

आधी सण ठरवायला हवा. दिवाळीचं किंवा नव्या वर्षाचं ग्रीटिंग कुणीही कुणालाही पाठवतं, त्यात पाठवणाऱ्याचं काही पणाला लागत नाही. मी संक्रांत निवडेन. तिळगूळ सगळ्यांना देतात, भांडलेल्यालाही देतात, आणि देताना गोड बोलायला सांगतात. पण याच सणाचं हळदीकुंकू फक्त सवाष्णींचं असतं. वाण, ओटी, सुगडं यांतून विधवेला वगळायची रीत अनेक घरांत अजून चालू आहे. एकाच सणात बोलावणंही आहे आणि वगळणंही. कथेला लागणारा ताण इथे आयता आहे, लेखकाने तो बाहेरून आणायला नको.

आता माणसं. कथेतल्या बाईला सुमन म्हणू. ती साताऱ्यात राहते. तिची थोरली जाऊ वाईच्या जुन्या घरात. 2006 साली सुमनचा नवरा गेला. पुढच्या जानेवारीत ती भोगीला वाईला गेली होती. संक्रांतीला बायका येऊ लागल्या तेव्हा थोरलीने तिला हलकेच सांगितलं, "सुमन, तू जरा आत तिळाकडे बघ." बस्स, एवढंच. भांडण नाही, आवाज चढलेला नाही. सुमनने तीळ भाजले, संध्याकाळची एस.टी. पकडली आणि त्यानंतर ती थोरलीशी बोलली नाही.

कारण इतकं लहान ठेवण्यात अर्थ आहे. वाटणीचा खटला किंवा दागिन्यांची चोरी घातली तर वाचक न्यायनिवाडा करत बसतो. या वाक्यात मात्र थोरलीचा दुष्टपणा नाही, तिने घरची रीत पाळली. म्हणून क्षमा मागावी असं तिला वाटायलाही वेळ लागणार, आणि सुमनला तक्रार करायला जागाही नाही.

अबोला म्हणजे भेटच नाही, असं आपल्याकडे होत नाही. वाई आणि सातारा यांत एस.टी.चा तास-दीड तासाचा रस्ता. लग्नंमुंजी होतात, दोघी एकाच मांडवात असतात. आमंत्रण येतं ते सुमनच्या मुलाच्या नावाने. जेवणाच्या पंगतीत थोरली पुतण्याला म्हणते, "आईला विचार, भात हवा का." एकोणीस वर्षं अशी तिसऱ्याच्या तोंडून गेलेली असतात. लेखकाने इथे रेंगाळावं. असे दोन प्रसंग नीट लिहिले तर "त्या बोलत नव्हत्या" हे वाक्य लिहावंच लागत नाही.

मग जानेवारी 2026 मध्ये पोस्टमन लिफाफा देतो. फोन का नाही, व्हॉट्सॲप का नाही, हा प्रश्न वाचक विचारणारच. उत्तर सोपं आहे: थोरलीकडे सुमनचा नंबर नाही, आणि पुतण्याकडे मागितला तर ते घरभर होणार. पत्ता मात्र तिला पाठ आहे.

ग्रीटिंगवर छापील पतंग, हलव्याची वाटी आणि तिळगुळाची नेहमीची ओळ. आत हाताने लिहिलेलं फक्त "सुमन" आणि खाली थोरलीचं नाव. पूर्वी अशी ग्रीटिंगं उघड्या लिफाफ्यात, बुक पोस्टाने, कमी खर्चात जात. हा लिफाफा चिकटवलेला आहे, कारण आत काटेरी हलव्याचे चार दाणे आहेत. शिक्क्याखाली त्यांचा चुरा झाला आहे.

लिफाफ्यावर नावाआधी काय लिहायचं, हा प्रश्न थोरलीला पडलाच असणार. "सौ." लिहिता येत नाही आणि "श्रीमती" लिहिणं म्हणजे पुन्हा तीच रेघ ओढणं. तिने नुसतं नाव आणि आडनाव लिहिलं आहे. सुमनला हे दिसतं, पण लेखकाने ते समजावून सांगू नये.

या कथेचा सगळ्यात मोलाचा तपशील मी मधोमध ठेवेन. ग्रीटिंग पुन्हा हातात घेताना सुमन ते उलटं करते. मागे छापील किंमत आहे, तीन रुपये. आज तीन रुपयांना असं ग्रीटिंग मिळत नाही. कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत. म्हणजे ते या वर्षी घेतलेलं नाही. कधीतरी, बहुधा त्या पहिल्या एक-दोन वर्षांतच, थोरलीने ते विकत घेतलं आणि ते इतकी वर्षं कपाटात पडून राहिलं. पानभर माफीने जे झालं नसतं ते या तीन रुपयांनी होतं. शिवाय सुमनचा रागही त्यामुळे बदलतो. थोरलीला कळलंच नाही, असं ती आजवर समजत होती. आता तिला दिसतं की कळलं होतं, तरी पाठवलं नाही. दुःख कमी होत नाही, त्याची जागा बदलते.

एक मोह इथे टाळावासा वाटतो: थोरलीलाही आता वैधव्य आलं आहे, म्हणून तिला जाग आली. असं केलं की कथा हिशेब चुकता करते. नवरा हयात असताना, घरात दरवर्षी हळदीकुंकू होत असताना तिने हे पाठवणं जास्त अवघड आहे, म्हणून जास्त खरंही.

कथेत ग्रीटिंग कुठे यावं? पहिल्या पानावर. अमेरिकन लेखिका केट शोपँ स्वतः तरुणपणी विधवा झाली होती. तिची 1894 सालची 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' ही कथा पाहावी. नवरा रेल्वे अपघातात गेल्याची बातमी बाईला सुरुवातीलाच मिळते. नंतरची जवळजवळ सगळी कथा बंद खोलीत, खिडकीपाशी बसलेल्या तिच्या मनात घडते. बातमी शेवटी ठेवली असती तर तो नुसता धक्का झाला असता. आपल्या कथेतही ग्रीटिंग आल्यावर काय होतं हेच वाचायचं आहे, म्हणून ते आधी यायला हवं. आणि कथा सुमनच्याच नजरेतून हवी. वाईच्या घरात लेखकाने एकदाही जाऊ नये, नाहीतर थोरलीचं मन उघडं पडतं आणि तीन रुपयांचं वजन जातं.

उरतं उत्तर. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो, त्यामुळे कथेला आपोआप मुदत मिळते. 2024 साली संक्रांत 15 जानेवारीला आणि रथसप्तमी 16 फेब्रुवारीला होती, म्हणजे महिन्याहून जास्त सवड. 2026 मध्ये मात्र 14 जानेवारी ते 25 जानेवारी, अकराच दिवस. त्यातले दोन-तीन टपालात गेलेले. म्हणूनच मी हे वर्ष घेतलं.

सुमनने एस.टी.त बसून वाईला जावं का? रीतीने धाकटी थोरलीकडे जाते, वाकते, तिळगूळ घेते. तशी ती गेली तर ज्या रीतीने तिला आत पाठवलं तिलाच पुन्हा मान दिल्यासारखं होईल. तिने मुलाच्या हाती डबा पाठवला तर तिसऱ्याच्या तोंडून बोलणं चालूच राहील. मी तिला टपालानेच उत्तर देऊ देईन. ती दुकानात ग्रीटिंग शोधते, मिळत नाही, तेव्हा वहीचा कागद घडी घालून त्यात तीळ बांधते आणि पत्ता लिहायला बसते. आता थोरलीच्या नावाआधी "सौ." लिहायचं की नाही हे तिला ठरवायचं आहे. माझ्या कथेत ती ते लिहीत नाही, आणि 22 तारखेच्या टपालात लिफाफा जातो.