पाणी कोणत्या साली येणार?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही धरणाच्या प्रकल्प अहवालात एक आकडा असतो, लाभव्यय गुणोत्तर. सर्वसाधारण भागात तो किमान दीड असावा आणि अवर्षणप्रवण किंवा डोंगराळ भागात एक असला तरी चालेल, असा केंद्रीय जल आयोगाचा दंडक आहे. धरणाला हिरवा कंदील मिळण्यात या आकड्याचा मोठा वाटा असतो. तो कसा निघतो हे मात्र ज्यांच्या शेतात पाणी यायचं आहे त्यांना सहसा कुणी सांगत नाही.

एक काल्पनिक मध्यम प्रकल्प घेऊ. खर्च १०० कोटी, लाभक्षेत्र ५,००० हेक्टर. आज तिथे पावसाच्या भरवशावर ज्वारी आणि तूर होते आणि सगळा खर्च वजा जाता हेक्टरी १८,००० रुपये सुटतात. कालवा आला की खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू-हरभरा, आणि हेक्टरी ६०,००० रुपये सुटतील असा अंदाज. म्हणजे हेक्टरी ४२,०००ची वाढ आणि साऱ्या लाभक्षेत्राचा वार्षिक लाभ २१ कोटी. आता वार्षिक खर्च. भांडवलावर १० टक्के व्याज धरायचं, ते १० कोटी. धरणाचं आयुष्य १०० वर्षं मानून एक टक्का घसारा, तो एक कोटी. देखभाल-दुरुस्तीचे दोन कोटी धरू. एकूण १३ कोटी. एकवीस भागिले तेरा, उत्तर १.६. प्रकल्प पास.

या हिशेबात पहिली शंका त्या १८,००० रुपयांवर घ्यायला हवी. तो आजचा आकडा आहे. पण धरण झालंच नाही तर पुढची वीस वर्षं शेतकरी हातावर हात ठेवून बसणार नाही. तो विहीर खणेल, बोअर घेईल, ठिबक बसवेल. त्यामुळे तुलना 'आधी' आणि 'नंतर' यांची करून भागत नाही, ती 'प्रकल्पासह' आणि 'प्रकल्पाविना' अशी हवी. पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभांचा जो अभ्यास केला आणि १९४८ साली प्रसिद्ध केला, त्यात कालव्याखालची शेती कोरडवाहू शेतीच्या शेजारी ठेवून पाहिली होती. कालव्यामुळे नेमकं काय वाढलं हे तसंच कळतं.

दुसरी शंका पीकरचनेची. अहवाल आठमाही पिकं गृहीत धरतो. प्रत्यक्षात कालव्याच्या मुखाशी ऊस उभा राहतो आणि टेलच्या शेतकऱ्याची पाणीपाळी हुकते. कागदावरचे ५,००० हेक्टर मग जमिनीवर किती उरतात, हे कोणत्याही गुणोत्तरात दिसत नाही.

पण मला सर्वांत जास्त खटकते ती तिसरी गोष्ट. वरच्या हिशेबात वर्ष कुठेच नाही. धरण पाच वर्षांत झालं काय आणि वीस वर्षांत झालं काय, किमतीचे आकडे तेच असतील तर उत्तर १.६च येतं. बांधकाम रखडण्याची शिक्षा या पद्धतीत नाही. म्हणूनच नियोजन आयोगाने नितीन देसाई यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९८३ साली हे गुणोत्तर सोडून प्रकल्पाचा अंतर्गत परतावा दर काढा, असं सुचवलं होतं. त्या दरात प्रत्येक वर्षाचा खर्च आणि लाभ आपापल्या जागी मोजला जातो. तरीही जुनी पद्धत टिकून राहिली.

वर्षं मोजायची तर वटाव लागतो. दहा वर्षांनी मिळणारे शंभर रुपये आज किती मोलाचे, हे ठरवणारा दर म्हणजे सामाजिक वटावाचा दर. आपला प्रकल्प पाच वर्षांत पुरा झाला, खर्च दरवर्षी सारखा झाला आणि पुढे ५० वर्षं देखभाल वजा जाता १९ कोटींचा लाभ मिळाला, असं धरू. १२ टक्के दराने गुणोत्तर १.२४ येतं. म्हणजे कडक दरातही प्रकल्प तगतो. आता तेच १०० कोटी वीस वर्षांत पाच-पाच कोटी करून खर्च होतात आणि पाणी एकविसाव्या वर्षी येतं. १२ टक्क्यांनी गुणोत्तर ०.४४वर कोसळतं. ८ टक्क्यांनी ते जेमतेम १.०२ राहतं. आणि ४ टक्क्यांनी? २.७४. रखडलेला प्रकल्प पुन्हा झकास दिसू लागतो.

मग दर कोणता खरा? सरकारने हाच पैसा दुसरीकडे गुंतवला असता तर काय मिळालं असतं, असं विचारणारे १२च्या आसपास जातात. जागतिक बँकेसारख्या संस्थांनी अनेक वर्षं १०-१२ टक्केच वापरले. दुसरी वाट केंब्रिजच्या फ्रँक रॅम्सेने १९२८ साली दाखवली. तिच्यात दराचे दोन भाग पडतात. एक माणसाची अधीरता. दुसरा भाग असा, की उद्याची पिढी आजच्यापेक्षा सधन असेल, तर तिच्या हातातल्या जादा रुपयाचं मोल कमी. अधीरता एक टक्का धरली, दरडोई वाढ वर्षाला ५ टक्के धरली आणि तिला दीडपट वजन दिलं, तर दर साडेआठ टक्के होतो. मात्र ज्या कोरडवाहू घरांसाठी कालवा खणायचा त्यांचं उत्पन्न वर्षाला दोनच टक्क्यांनी वाढत असेल, तर त्याच सूत्राने दर चार टक्के येतो. देशाची सरासरी त्या घरांच्या माथी मारणं मला अन्याय्य वाटतं. त्यांची मुलं फार श्रीमंत होतील असं गृहीत धरून त्यांच्या वाट्याचं पाणी आपण स्वस्तात मोजतो.

तरीही मी सरसकट चार टक्के वापरणार नाही, कारण वर पाहिलं तसं कमी दर दिरंगाई पोटात घालतो. त्यापेक्षा दोन-तीन दरांनी उत्तरं काढून शेजारी शेजारी छापावीत आणि बांधकामाला लागणारी वर्षं विभागाच्या मागच्या प्रकल्पांवरून धरावीत, ठेकेदाराच्या वेळापत्रकावरून नव्हे. एक पथ्य मात्र पाळायलाच हवं: आकडे स्थिर किमतींत असतील तर दरही महागाई वगळून घ्यायचा. दोन्हींची सरमिसळ झाली की हिशेब बाद.

गोसीखुर्द आठवा. वैनगंगेवरच्या या प्रकल्पाला १९८३ साली मान्यता मिळाली तेव्हा खर्च होता ३७२ कोटी आणि उद्दिष्ट अडीच लाख हेक्टरांचं. भूमिपूजन १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झालं. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि सुधारित खर्च पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. जवळजवळ पन्नासपट. यात महागाईचा वाटा मोठा आहे, पण एकट्या महागाईने पन्नासपट होत नाही. भूसंपादन, पुनर्वसन, रचनेतले बदल आणि लांबलेली वर्षं मिळून तो आकडा फुगतो. लाभाची वर्षं मागे सरकतात ती वेगळीच.

हिशेब फिरवून पाहिला तर सुटकेची एक वाटही दिसते. आपल्या वीस वर्षांच्या रखडलेल्या प्रकल्पात खर्चाचा वेग तोच ठेवा. फक्त सगळीकडे थोडंथोडं खणण्याऐवजी निम्म्या लाभक्षेत्राचा कालवा, वितरिका आणि शेतचाऱ्या आधी पुऱ्या करा, म्हणजे अकराव्या वर्षापासून अर्ध्या शेतांत पाणी येईल. ८ टक्के दराने १.०२ चं गुणोत्तर १.६ होतं. १२ टक्क्यांनीही ०.४४ वरून ०.९०पर्यंत चढतं. अर्थात त्यासाठी मुख्य धरणात पाणी तोवर अडलेलं हवं, म्हणजे घळभरणी लवकर हवी, आणि घळभरणीआधी बुडीत गावांचं पुनर्वसन पुरं हवं. गुणोत्तर वाचवायचं असेल तर सर्वांत आधी पैसा तिथे पोचायला हवा.