हजचे दिवस व बकरी ईदची तारीख

बकरी ईद (ईद-उल-अजहा) हा सण इस्लामी वर्षाच्या बाराव्या, म्हणजे जिल्हेज (अरबी: जुल-हिज्जा) महिन्याच्या १० तारखेस साजरा होतो. हज यात्राही याच महिन्यात असते व तिच्या क्रमात कुर्बानीचा दिवस दहावाच येतो.

यात्रेकरू ८ तारखेस मक्केजवळच्या मिना येथे मुक्काम करतात. ९ तारखेस दुपारपासून सूर्यास्तापर्यंत अरफातच्या मैदानात थांबून प्रार्थना करणे हा हजचा गाभा होय. हा मुक्काम चुकल्यास त्या वर्षीचा हज होत नाही. सूर्यास्तानंतर ते मुजदलिफा येथे जातात. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होत असल्याने ही रात्र दहाव्या तारखेचीच असते. सकाळी मिना येथे जमरा या स्तंभावर सात खडे मारले जातात. त्यानंतर कुर्बानी व मुंडन होते. हजला न गेलेले मुसलमान आपापल्या गावी त्यांच्या १० तारखेस ईदची नमाज पढून कुर्बानी करतात.

जिल्हेजचा पहिला दिवस चंद्रदर्शनाने ठरतो. आधीच्या जिल्काद महिन्याच्या २९ तारखेस सायंकाळी चंद्रकोर दिसल्यास दुसऱ्या दिवशी जिल्हेज सुरू होतो, अन्यथा जिल्काद ३० दिवसांचा धरतात. त्यामुळे रमजान ईद नक्की कधी हे आदल्या सायंकाळीच कळते, तर बकरी ईदची तारीख सुमारे दहा दिवस आधी निश्चित होते.

सन २०२४ मध्ये सौदी अरेबियात ६ जून रोजी चंद्रदर्शन जाहीर झाले. ७ जून ही १ जिल्हेज ठरली. अरफातचा दिवस १५ जूनला व ईद १६ जूनला आली. भारतात मात्र ६ जूनला वैशाख अमावास्या सायंकाळी सहाच्या सुमारास संपत होती. सूर्यास्ताच्या वेळी नवा चंद्र जेमतेम तासाभराचा असल्याने तो येथे दिसणे शक्यच नव्हते. तो ७ जूनला दिसला आणि ईद १७ जूनला झाली. म्हणजे हजचे यात्रेकरू कुर्बानी करीत होते, त्या दिवशी भारतात जिल्हेजची ९ तारीख होती. अरफातच्या दिवशीचा ऐच्छिक रोजा स्थानिक ९ तारखेस धरावा की मक्केतील, याविषयीचा मतभेद यातूनच निर्माण होतो. भारतात बहुतेक जण स्थानिक तारीख मानतात. छापील दिनदर्शिकेतील बकरी ईदची सुटी कधीकधी एका दिवसाने बदलते, तिचेही कारण हेच आहे.

कुर्बानीची मुदत हनफी मतानुसार १२ तारखेच्या, तर शाफई मतानुसार १३ तारखेच्या सूर्यास्तापर्यंत असते. कोकणी मुसलमान परंपरेने शाफई आहेत.

चांद्रवर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते व त्यात अधिक मास नसतो. म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२५ मध्ये ती सौदी अरेबियात ६ जूनला, तर भारतात ७ जूनला आली.