फोटोतली रॅकेट आणि नवा खेळाडू

जुनी बॅडमिंटन रॅकेट विकायला काढणारे लोक बहुधा एकच फोटो टाकतात आणि त्यात रंग सोडला तर फारसं काही दिसत नाही. नेमका रंगच फसवतो. योनेक्सची ‘अ‍ॅस्ट्रॉक्स ९९’ घ्या. जपानचा केंतो मोमोता या मालिकेच्या रॅकेटने खेळायचा, त्यामुळे तिला मागणी असते. पण या नावाखाली प्रो, टूर, गेम आणि प्ले अशा वेगवेगळ्या रॅकेट येतात. प्रो सर्वांत वरची, प्ले सर्वांत स्वस्त. दुरून त्या बहिणी-बहिणी वाटतात. म्हणून नुसतं ‘९९’ वाचून थांबू नये; फ्रेमवर किंवा दांडीवर त्यापुढचा शब्द शोधावा.

दुसरा फोटो मागायचा तो मुठीच्या वरच्या निमुळत्या टोपणाचा. तिथे बारीक अक्षरांत ‘४यू जी५’ असं काहीतरी असतं. यू म्हणजे वजन: योनेक्समध्ये ३यू साधारण ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू ८० ते ८४ ग्रॅम. आकडा वाढला की वजन उतरतं. जी म्हणजे मुठीची जाडी. इथेही आकडा मोठा तशी मूठ बारीक. बारीक मुठीवर वरून ग्रिप गुंडाळून ती जाड करता येते, जाड मूठ मात्र बारीक होत नाही. म्हणून जी५ नव्या खेळाडूला सोयीची.

पौंडांत लिहिलेला आकडा गटिंगच्या ताणाचा. ‘२० ते २८’ म्हणजे फ्रेम एवढा ताण सोसते. २८वर गटिंग करून घ्या असा त्याचा अर्थ नव्हे. ताण वाढला की जाळीतली शटल उसळवणारी जागा आक्रसते. नवशिक्याने २० ते २३च्या आसपास राहावं.

समजा, फोटोत ‘अ‍ॅस्ट्रॉक्स ९९ प्रो, ४यू जी५’ निघालं. वजन ठीक, मूठही ठीक. तरी घेऊ नये, कारण दांडी कडक आणि वजन डोक्याकडे झुकलेलं. हात वेगाने फिरला तरच कडक दांडी वाकते आणि परतताना शटलला ढकलते. नवशिक्याचा फटका तेवढा वेगवान नसतो. दांडी वाकत नाही, शटल मागच्या रेषेपर्यंत जात नाही, मग तो खांद्याने जोर लावतो आणि दुखणं ओढवून घेतो. त्याला लवचीक दांडीची, समतोल वजनाची ४यू किंवा ५यू रॅकेट बरी. दांडीचा कडकपणा रॅकेटवर छापलेला नसेल, तर पूर्ण नाव कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावं.

फ्रेमवरची केसासारखी रेघ रंगाची आहे की तडा गेलाय, हे मात्र फोटोवरून ठरत नाही. पैसे देण्याआधी गटच्या भोकांपाशी नख फिरवून पाहावं. नख अडकलं, तर तो तडा असू शकतो आणि अशी फ्रेम पुढच्या गटिंगच्या ताणातच मोडण्याची भीती असते.