भाषांतराचा अंदाज

पाण्याचे पंप बनविणाऱ्या एका कारखान्यास आपली १२० पानांची इंग्रजी माहितीपुस्तिका मराठीत हवी आहे, असे समजा. दिवस किती लागतील आणि खर्च किती येईल, असे कारखानदार विचारतो. जाणता भाषांतरकार पानांवरून उत्तर देत नाही. कारण एका पानावर नुसती आकृती असते, तर दुसरे मजकुराने गच्च भरलेले असते. तो शब्द मोजतो. संगणक ही मोजणी क्षणात करतो खरा. परंतु चित्रांत छापलेली भागांची नावे त्याच्या मोजणीतून बहुधा सुटतात. ती डोळ्यांनीच मोजावी लागतात!

एकूण शब्द ३०,००० भरले. 'झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करा' अशा सूचना प्रत्येक प्रकरणात पुन्हा पुन्हा येतात. पुनरुक्तीचे असे ६,००० शब्द केवळ पडताळावयाचे. उरलेल्या २४,००० शब्दांचा वेग कळावा म्हणून तो मधलेच एक अवघड पान करून पाहतो. तासाला २५० शब्द झाले. सहा तासांनंतर मन शिणते. म्हणून दिवसाला १,५०० शब्द धरले, तर १६ दिवस होतात. तपासणीचे आणखी ४. नव्या शब्दास २ रुपये व पुनरुक्तीस ५० पैसे दर ठरला, तर ५१,००० रुपये होतात.

कारखानदारास काम दहा दिवसांत हवे असते. दोघांनी ते वाटून घेतले, तर एक 'झडप' लिहील, दुसरा 'व्हॉल्व्ह'. आणि कारागीर एकाच भागाला दोन भाग समजेल! म्हणून आधी एक दिवस शब्दांची समान यादी करावयाची, मग ८ दिवस भाषांतर आणि ४ दिवस तपासणी. भाषांतरकार कारखानदारास तेरा दिवस सांगतो.