क्रिकेटचा प्रेक्षक आणि संमतीचा बचाव : ‘व्होलेंटी नॉन फिट इंज्युरिया’ या तत्त्वाची मर्यादा

प्रस्तावना :
जो स्वेच्छेने धोका पत्करतो, त्याला त्या धोक्यातून झालेल्या हानीबद्दल दाद मागता येत नाही, असा ‘व्होलेंटी नॉन फिट इंज्युरिया’ या लॅटिन वचनाचा आशय आहे. अपकृत्य कायद्यातील हा बचाव शिकविताना क्रिकेटच्या प्रेक्षकाचे उदाहरण हमखास दिले जाते. या प्रेक्षकाची संमती नेमकी कोणत्या धोक्याला असते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संमतीचे स्वरूप :
समजा, श्रीगोंदा येथील एखाद्या महाविद्यालयाच्या मैदानावर सामना चालू आहे आणि षटकाराचा चेंडू सीमारेषेपलीकडे बसलेल्या प्रेक्षकाच्या डोक्याला लागला. येथे खेळाडूला जबाबदार धरता येत नाही. संयोजकांनी वाजवी काळजी घेतली असेल, तर त्यांनाही नाही. प्रेक्षकाने लेखी संमती दिलेली नसते. परंतु सामना पाहण्यास येऊन बसण्याच्या त्याच्या वर्तनातून ती गृहीत धरली जाते. मात्र बाद झालेल्या फलंदाजाने रागाच्या भरात बॅट प्रेक्षकांत भिरकावली, तर हा बचाव टिकणार नाही. चेंडू येणे हा खेळाचा भाग आहे, बॅट भिरकावणे नव्हे.

नागपूरची दुर्घटना :
दि. 26 नोव्हेंबर 1995 रोजी नागपूर येथे भारत व न्यूझीलंड यांच्यातील एकदिवसीय सामन्याच्या वेळी प्रेक्षागृहाची भिंत कोसळून काही प्रेक्षक मृत्युमुखी पडले. प्रस्तुत तत्त्व या घटनेला लावून पाहिल्यास त्याची मर्यादा स्पष्ट होते. त्याच तिकिटावर, त्याच जागी बसलेल्या प्रेक्षकाने चेंडूचा धोका पत्करलेला असतो. सदोष बांधकामाचा नव्हे. उलट, बसण्याची जागा सुरक्षित असेल या विश्वासानेच तो आत येतो.

ज्ञान आणि संमती :
एखाद्याने भिंतीची भेग आधी पाहिली असेल, तर निष्कर्ष बदलेल काय? स्मिथ विरुद्ध बेकर (1891) या खटल्यात कामगाराच्या डोक्यावरून क्रेनने दगड नेले जात. त्याला तो धोका ठाऊक होता. तरीही केवळ ज्ञान म्हणजे संमती नव्हे, असे इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरविले. म्हणून भेग दिसली एवढ्यावरून संमती सिद्ध होत नाही.

मैदानाबाहेरील व्यक्ती :
बोल्टन विरुद्ध स्टोन (1951) या खटल्यात मैदानाबाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या स्त्रीला चेंडू लागला. तिचा दावा फेटाळला गेला, परंतु तो संमतीच्या आधारे नव्हे. चेंडू तेथवर जाण्याचे प्रसंग अत्यंत विरळ असल्याने क्लबचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही. उत्तरपत्रिकांत हा खटला पुष्कळदा संमतीच्या बचावाखाली लिहिला जातो, ते चुकीचे आहे.

निष्कर्ष :
प्रेक्षक मैदानावर आला एवढे दाखविणे पुरेसे नाही. हानी कोणत्या धोक्यातून झाली, वादीला तो ठाऊक होता काय आणि त्याने तोच धोका मोकळेपणाने स्वीकारला होता काय, हे क्रमाने पाहावे लागते. संमती सिद्ध करण्याचा भार प्रतिवादीवर असतो.